एका आयताचे दोन भाग

फलनाचा आलेख कागदावर काढला की त्याच रेषेत त्याच्या व्यस्त फलनाचा आलेखही आलेला असतो. f हे फलन x घेऊन y देते आणि व्यस्त फलन तोच y घेऊन मूळचा x परत करते. वक्र दोघांचा एकच, फक्त तो वाचण्याची दिशा निराळी. f वाचताना आडव्या अक्षावरून निघून सरळ वर वक्रापर्यंत जायचे आणि तिथली उंची उभ्या अक्षावर पाहायची. व्यस्त फलन वाचताना उभ्या अक्षावरून निघून उजवीकडे वक्रापर्यंत जायचे आणि खाली उतरून x पाहायचा. पाठ्यपुस्तकांत y = x ही तिरपी रेषा काढून तिच्या पलीकडे व्यस्त फलनाचा दुसरा वक्र प्रतिबिंबासारखा दाखवतात. त्यात चूक काहीच नाही, पण क्षेत्रफळाच्या प्रश्नात हा दुसरा वक्र मदतीपेक्षा अडचणच जास्त करतो. पुढच्या सगळ्या विवेचनात वक्र एकच आहे.

समाकलन, म्हणजे कॉलेजात ज्याला सर्रास इंटिग्रेशन म्हणतात ते, मुळात क्षेत्रफळ मोजते. f चे x = a पासून x = b पर्यंतचे समाकलन म्हणजे वक्राखालचे, आडव्या अक्षापर्यंतचे क्षेत्रफळ. त्याला A म्हणू. व्यस्त फलनाला g म्हणू. त्याचा प्रवास उभ्या अक्षावर होतो, तेव्हा त्याचे समाकलन म्हणजे वक्र आणि उभा अक्ष यांच्यामधले, वक्राच्या डावीकडचे क्षेत्रफळ. त्याला B म्हणू. x जेव्हा a पासून b पर्यंत जातो तेव्हा y हा f(a) पासून f(b) पर्यंत जातो. या दोन उंचींना c आणि d ही नावे दिली की B हे g चे c पासून d पर्यंतचे समाकलन होते.

आता f सतत चढणारे आहे आणि a, b, c, d या सगळ्या संख्या धन आहेत असे धरून आकृती काढावी. वक्र (a, c) या बिंदूपासून वर चढत (b, d) या बिंदूपर्यंत जातो. (b, d) पासून दोन्ही अक्षांवर लंब टाकले की b रुंदीचा आणि d उंचीचा मोठा आयत तयार होतो. (a, c) पासून लंब टाकले की त्याच्याच डाव्या खालच्या कोपऱ्यात a रुंदीचा आणि c उंचीचा छोटा आयत दिसतो. मोठ्या आयतातून छोटा काढून टाकला की काटकोनात वळलेला एक पट्टा उरतो आणि वक्र त्या पट्ट्याचे बरोबर दोन भाग करतो. वक्राखालचा भाग A आणि डावीकडचा भाग B. दोन्ही भाग एकमेकांवर चढत नाहीत आणि मध्ये कुठे फटही राहत नाही. म्हणून

A + B = bd − ac

एवढेच ते सूत्र. f चे समाकलन ठाऊक असेल तर A ठाऊक आहे, आयतांची क्षेत्रफळे गुणाकाराने मिळतात, आणि B वजाबाकीने हाती येते. g चे सूत्र लिहावे लागत नाही.

लॉगॅरिदमचे उदाहरण घेतले की हे डोळ्यांसमोर स्पष्ट होते. eˣ चे समाकलन eˣ च असते, गणितातले हे बहुधा सर्वांत सोपे समाकलन. log y हे त्याचे व्यस्त फलन (इथे पाया e आहे, म्हणजे सुमारे 2.718). 1 पासून e पर्यंत log y चे समाकलन किती? y जेव्हा 1 पासून e पर्यंत जातो तेव्हा x हा 0 पासून 1 पर्यंत जातो. मोठा आयत 1 रुंद आणि e उंच, म्हणून त्याचे क्षेत्रफळ e. छोट्या आयताची रुंदी 0, तेव्हा तो नाहीच. वक्राखालचे क्षेत्रफळ A हे eˣ चे 0 ते 1 पर्यंतचे समाकलन, म्हणजे e − 1, सुमारे 1.718. उरले B = e − (e − 1) = 1. आलेखाच्या कागदावर ही आकृती मोठ्या प्रमाणात काढून वक्राच्या डावीकडचे चौकोन मोजले तर मोजणी 1 च्या अगदी जवळ येते. त्या भागाचा एकही तुकडा सरळ चौकोनी नाही, एका बाजूला वाकडी रेषा आहे, आणि तरीही त्याचे क्षेत्रफळ पूर्णांकात येते. ही गोष्ट एकदा चौकोन मोजून पाहण्यासारखीच आहे.

बारावीला विज्ञान शाखेत log x चे समाकलन शिकवताना एक युक्ती सांगतात. log x ला 1 ने गुणायचे, त्या 1 ला दुसरे फलन मानायचे आणि खंडशः समाकलनाचा नियम लावायचा. उत्तर x log x − x असे येते. उत्तर बरोबर असते, पण हा 1 कुठून सुचला याचा उलगडा बहुतेक विद्यार्थ्यांना होत नाही आणि युक्ती पाठच करावी लागते. आकृतीत तो उलगडा आहे. 1 चे समाकलन x, म्हणून खंडशः नियमातले पहिले पद x गुणिले log x होते, आणि तेच आयताचे क्षेत्रफळ आहे. पुढे जे वजा होते ते आयताच्या दुसऱ्या भागाचे क्षेत्रफळ. म्हणजे युक्तीतही आयत काढून त्यातून एक भाग कापलेला असतो, फक्त तो आयत दिसत नाही.

या सूत्राचा खरा उपयोग व्यस्त फलन लिहिताच येत नाही तिथे होतो. f(x) = x⁵ + x हे फलन घ्यावे. x वाढला की x⁵ ही वाढते आणि x ही, तेव्हा f सतत चढते आहे आणि त्याला व्यस्त फलन g नक्की आहे. पण g(y) शोधणे म्हणजे x⁵ + x = y हे पाचव्या घाताचे समीकरण सोडवणे. नॉर्वेचा गणिती नील्स हेन्रिक आबेल याने 1824 मध्ये सिद्ध केले की पाचव्या घाताच्या सर्वसाधारण समीकरणाला वर्गमूळ, घनमूळ अशा मुळांच्या साहाय्याने लिहिलेले सूत्र असू शकत नाही. x⁵ + x = y हे समीकरणही y च्या सर्वसाधारण किमतीसाठी त्याच वर्गात मोडते. तेव्हा g चे सूत्र लिहून मग त्याचे समाकलन करायचे ही वाट बंदच आहे.

आता g चे 0 पासून 2 पर्यंतचे समाकलन काढायचे आहे असे समजू. f(0) = 0 आणि f(1) = 2, म्हणून x चा प्रवास 0 ते 1. आयत 1 रुंद, 2 उंच, क्षेत्रफळ 2. छोटा आयत इथेही नाही. A म्हणजे x⁵ + x चे 0 ते 1 पर्यंतचे समाकलन, ते 1/6 + 1/2 = 2/3. म्हणून B = 2 − 2/3 = 4/3, सुमारे 1.333. जे फलन कागदावर लिहिताही येत नाही त्याचे समाकलन दोन ओळींत आणि तेही अचूक अपूर्णांकात मिळाले.

उत्तर इतके सहज आले की ताडून पाहावेसे वाटणे साहजिक आहे, आणि ते साध्या कॅल्क्युलेटरवर जमते. y = 0.5, 1 आणि 1.5 या तीन ठिकाणी x च्या किमती अंदाजाने घालून आणि सुधारत जाऊन g शोधावा. g(0.5) सुमारे 0.476, g(1) सुमारे 0.755 आणि g(1.5) सुमारे 0.902 येतो. दोन टोकांना g(0) = 0 आणि g(2) = 1 आहेतच. या पाच बिंदूंमध्ये सरळ रेषा जोडून समलंब चौकोनांची क्षेत्रफळे मिळवली की सुमारे 1.316 येतात. 1.333 पेक्षा हे थोडे कमी आहे आणि ते कमीच यायला हवे, कारण y च्या बाजूने पाहिले तर हा वक्र बाहेर फुगलेला आहे आणि दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेषा त्याच्या आत राहते. तपासणीचे उत्तर जवळ आहे आणि ज्या बाजूला कमी पडायला हवे त्याच बाजूला कमी पडले आहे, म्हणून 4/3 वर विश्वास ठेवता येतो.

वरचे टोक ठरावीक न ठेवता मोकळे ठेवले की याच आकृतीतून सामान्य सूत्र मिळते. f चे समाकलन F असेल तर g चे समाकलन असे लिहितात:

y·g(y) − F(g(y)) + C

पहिले पद मोठ्या आयताचे, दुसरे वक्राखालच्या भागाचे, आणि जे खालच्या टोकावर अवलंबून होते ते सगळे C मध्ये गेले. tan x चे समाकलन −log(cos x) आहे, तेव्हा त्याच्या व्यस्त फलनाचे, म्हणजे tan⁻¹ y चे समाकलन y·tan⁻¹ y + log(cos(tan⁻¹ y)) होते. ज्या कोनाचा tan हा y आहे त्याचा cos हा 1/√(1 + y²) असतो. तो घातला की पुस्तकात छापलेले y·tan⁻¹ y − ½ log(1 + y²) हे रूप मिळते.

या सूत्रात एक चूक वारंवार होते. F(g(y)) च्या जागी नुसते F(y) लिहिले जाते. log y च्या बाबतीत ही चूक केली तर y log y − y ऐवजी y log y − eʸ असे उत्तर येते. चूक ओळखायला आकृतीकडे परत जावे. दुसरे पद वक्राखालचे क्षेत्रफळ आहे, ते आडव्या अक्षावर मोजले जाते, म्हणून F मध्ये x ची किंमत जायला हवी आणि ती किंमत g(y) आहे. संख्या घालूनही ही चूक लगेच पकडता येते. चुकीच्या सूत्रात 1 आणि e ही टोके घातली तर उत्तर सुमारे −9.7 येते. 1 ते e या टप्प्यात log y कुठेही ऋण नाही, मग त्याचे समाकलन ऋण कसे येईल? दुसरी चूक याच जातीची आहे: g च्या समाकलनाला x ची टोके लावणे. B ची टोके नेहमी उभ्या अक्षावरची, म्हणजे c आणि d असतात. आणि g साठी f⁻¹ ही खूण वापरली तर ती 1/f समजण्याची गल्लतही होते. 1/f चा या आकृतीशी काहीही संबंध नाही.

फलन उतरते असेल तेव्हा आकृती बदलते आणि इथे थोडे थांबून पाहावे लागते. वक्र आता (a, c) पासून खाली उतरत (b, d) कडे जातो, म्हणजे d ही c पेक्षा लहान आहे. वक्राखालचा भाग A आणि वक्राच्या डावीकडचा भाग B हे आता शेजारी शेजारी बसत नाहीत. वक्राच्या आतल्या बाजूला त्रिकोणासारखा एक तुकडा दिसतो, आणि तो दोघांतही मोजला जातो. A मध्ये त्या तुकड्याखेरीज खाली (b − a) रुंदीचा आणि d उंचीचा आयत येतो, B मध्ये त्या तुकड्याखेरीज डावीकडे a रुंदीचा आणि (c − d) उंचीचा आयत येतो. बेरीज करण्याऐवजी वजाबाकी केली की सामाईक तुकडा निघून जातो आणि दोन आयतांचा फरक उरतो. तो फरक पुन्हा bd − ac च येतो:

A − B = bd − ac

बीजगणिताने पाहिले तर वेगळे सूत्र लागतच नाही. c पासून d पर्यंत जाताना y कमी होतो, म्हणून समाकलनाला आपोआप वजा चिन्ह येते आणि मूळचे सूत्र जसेच्या तसे लागू पडते. पण क्षेत्रफळे म्हणून हातात धन संख्या घेतल्या असतील तर हे चिन्ह विसरता येत नाही. 1/x वर ते तपासावे. a = 1, b = 2 घेतले तर c = 1 आणि d = 1/2. bd आणि ac दोन्ही 1, म्हणून उजवी बाजू 0. A म्हणजे 1 ते 2 पर्यंतचे 1/x चे समाकलन, log 2, सुमारे 0.693. सूत्र सांगते की B सुद्धा तेवढेच असले पाहिजे. 1/x चे व्यस्त फलन 1/y च आहे, तेव्हा B हे 1/y चे 1/2 ते 1 पर्यंतचे समाकलन. तेही log 2 च येते. 1/2 ते 1 आणि 1 ते 2 या टप्प्यांची रुंदी वेगळी असूनही 1/x खालची क्षेत्रफळे सारखी भरतात, हे इथे आयतांवरूनच कळले.

फलन एकदा चढून पुन्हा उतरत असेल तर मात्र सूत्र लावता येत नाही. sin x ची 0 पासून π पर्यंतची कमान घ्या. A म्हणजे कमानीखालचे क्षेत्रफळ, ते 2 आहे. दोन्ही टोकांना sin शून्य, म्हणून bd − ac = 0. B ची टोकेही 0 आणि 0, म्हणजे B = 0. सूत्र 2 + 0 = 0 असे सांगू लागते. दोष सूत्राचा नाही. एकाच उंचीवर वक्र दोनदा भेटतो, तेव्हा उभ्या अक्षावरून उजवीकडे निघाल्यावर कुठे थांबायचे हे ठरत नाही आणि व्यस्त फलनच उरत नाही. अशा वेळी वक्र शेंड्यावर कापावा. 0 ते π/2 या चढत्या भागात आयत π/2 चा, A हे 1, आणि म्हणून sin⁻¹ y चे 0 ते 1 पर्यंतचे समाकलन π/2 − 1, सुमारे 0.571. π/2 ते π हा उतरता भाग निराळा घ्यावा. त्याचे व्यस्त फलन π − sin⁻¹ y आहे आणि त्याला वजाबाकीचे सूत्र लागते. तिथे A पुन्हा 1, bd − ac = −π/2, म्हणून B = 1 + π/2. π मधून आधीचे π/2 − 1 वजा केले तरी तेच येते.

हे सूत्र फ्रेंच गणिती शार्ल-आंज लेझां याने 1905 मध्ये एका गणिती नियतकालिकात स्वतंत्र टिपणाच्या रूपाने प्रसिद्ध केले. आज ते बहुधा खंडशः समाकलनाने सिद्ध करून दाखवतात. त्या मार्गाला f चे अवकलन करता येणे आवश्यक असते, म्हणजे वक्राला जागोजागी नीट स्पर्शिका असावी लागते. आकृतीला ती अट लागत नाही. वक्रावर कितीही कोपरे असले तरी आयताचे दोनच भाग होतात. f संतत आणि सतत चढणारे किंवा सतत उतरणारे असले की पुरते.

नुसत्या चित्रावर भिस्त ठेवणे ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी हाच विचार पट्ट्यांनी पक्का करता येतो. चढत्या वक्रावर जवळजवळचे दोन बिंदू घ्यावेत, (x₁, y₁) आणि (x₂, y₂). त्यांच्यामध्ये आडव्या अक्षावर एक उभी पट्टी उभारावी, तिची उंची y₁ ठेवावी. तिचे क्षेत्रफळ y₁(x₂ − x₁), वक्राखालच्या खऱ्या क्षेत्रफळापेक्षा किंचित कमी. उभ्या अक्षावरून एक आडवी पट्टी काढावी, तिची लांबी x₂ ठेवावी. तिचे क्षेत्रफळ x₂(y₂ − y₁), खऱ्यापेक्षा किंचित जास्त. दोन्हींची बेरीज केली की x₂y₁ हे पद कटते आणि उरते x₂y₂ − x₁y₁. एक पट्टी जेवढी कमी पडली तेवढीच दुसरी जास्त भरली. a पासून b पर्यंत असे कितीही बिंदू घेतले आणि सगळ्या जोड्यांची बेरीज केली तर मधली पदे एकमेकांना कापत जातात आणि शेवटी bd − ac एवढेच राहते. पट्ट्या जाड असोत की बारीक, ही बेरीज नेहमी अचूक असते. पट्ट्या बारीक करत नेल्या की उभ्या पट्ट्यांची बेरीज A कडे जाते, आडव्यांची B कडे, आणि कुठेही अवकलन न करता सिद्धता पूर्ण होते.

सूत्राची मर्यादाही याच आकृतीत दिसते. ते एक क्षेत्रफळ दिल्यावर दुसरे देते, दोन्ही अज्ञात असतील तर काहीच देत नाही. √(log y) चे 1 ते e पर्यंतचे समाकलन घ्यावे. हे e^(x²) चे व्यस्त फलन आहे, आयत e चा, म्हणून उत्तर e वजा e^(x²) चे 0 ते 1 पर्यंतचे समाकलन. पण e^(x²) चे समाकलन नेहमीच्या फलनांत लिहिता येत नाही, ते संख्येनेच काढावे लागते. ते सुमारे 1.463 आहे, तेव्हा पहिले सुमारे 1.256. इथे एका अवघड समाकलनाच्या जागी दुसरे तेवढेच अवघड समाकलन आले. तरी फायदा अजिबात नाही असे नाही: √(log y) चा वक्र y = 1 पाशी उभा चढतो आणि तिथे समलंब चौकोनांची रीत कच्ची पडते, तर e^(x²) 0 ते 1 मध्ये कुठेही तसा उभा होत नाही आणि संख्येने लवकर हाती लागतो. म्हणून व्यस्त फलनाचे समाकलन समोर आले की आधी मूळ फलनाकडे पाहावे. त्याचे समाकलन येत असेल तर काम आयत काढून वजाबाकी करण्याएवढेच आहे, आणि येत नसेल तर दोन्ही वक्रांपैकी जो संख्येने मोजायला सोपा, तो मोजावा.